देवघेवीची वही आणि पाच टेबले

डेटाबेसची ओळख : लेखांक सातवा

मागच्या लेखात आपण की म्हणजे काय ते पाहिले. कोणत्या रकान्यांवरून टेबलातली एकच ओळ नेमकी ओळखता येते, हे त्या लेखाचे सूत्र होते. नॉर्मलायझेशनचा सगळा डोलारा त्याच सूत्रावर उभा आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडले आणि पुढच्याच वर्षी दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म सांगितला. या व्याख्या परीक्षेसाठी पाठ होतात, पण उदाहरण सोडवताना पाय घसरतो तो बहुतेक वेळा की निवडतानाच. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरण सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागाचे आहे. सभासद पुस्तके नेतो आणि काउंटरवर वहीत नोंद होते. अनेक वाचनालयांत सभासदांचे वर्ग असतात. आपल्या वाचनालयात अ वर्गाला एका वेळी दोन पुस्तके मिळतात आणि महिन्याची वर्गणी ६० रुपये आहे. ब वर्गाला एक पुस्तक मिळते, वर्गणी ४० रुपये. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीवर तिचा स्वतंत्र दाखल क्रमांक असतो. ‘कोसला’च्या दोन प्रती असतील तर दाखल क्रमांकही दोन. त्याशिवाय वाचनालयाने प्रत्येक शीर्षकाला एक क्रमांक दिलेला आहे, तो मात्र सगळ्या प्रतींना समान.

वहीत एका सभासदाची एका दिवसाची नोंद एका ओळीत असते. पाटील यांनी ३ जूनला दोन पुस्तके नेली, तर पुस्तकाच्या एकाच चौकटीत ‘८६७, १२०४’ असे लिहिलेले दिसते. माणसाला हे वाचायला सोपे आहे. पण १२०४ ही प्रत सध्या कोणाकडे आहे, हे विचारले की संगणकाला त्या चौकटीतला मजकूर फोडत बसावे लागते. पहिला नॉर्मल फॉर्म एवढेच मागतो की एका चौकटीत एकच मूल्य असावे. ‘पुस्तक १’, ‘पुस्तक २’ असे दोन रकाने करून हा प्रश्न सुटत नाही. उद्या अ वर्गाला तीन पुस्तके द्यायची ठरली की टेबलाची रचनाच बदलावी लागेल. म्हणून प्रत्येक नेलेल्या प्रतीसाठी स्वतंत्र ओळ लिहायची:

| दाखल क्र. | दिल्याची तारीख | सभासद क्र. | नाव | वर्ग | वर्गणी | शीर्षक क्र. | शीर्षक | लेखक |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ८६७ | ३ जून | ११२ | पाटील | अ | ६० | ४१ | कोसला | भालचंद्र नेमाडे |
| १२०४ | ३ जून | ११२ | पाटील | अ | ६० | ५८ | मृत्युंजय | शिवाजी सावंत |
| ८६८ | ३ जून | २३० | शेख | ब | ४० | ४१ | कोसला | भालचंद्र नेमाडे |
| १२०४ | २१ जून | २३० | शेख | ब | ४० | ५८ | मृत्युंजय | शिवाजी सावंत |
| १५३० | २१ जून | ११२ | पाटील | अ | ६० | ७३ | बटाट्याची चाळ | पु. ल. देशपांडे |

पुस्तक परत आल्याच्या तारखेचा रकानाही असतो. इथे जागेअभावी तो दाखवलेला नाही.

की कोणती?

सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक मिळून की होईल, असे पटकन वाटते. वरच्या पाच ओळींत ते खरेही ठरते. पण पाटील यांनी डिसेंबरमध्ये ८६७ हीच प्रत पुन्हा नेली, तर तीच जोडी दोन ओळींत येईल. मग सभासद, प्रत आणि तारीख असे तिन्ही रकाने घ्यावेत असे मनात येते. ओळ ओळखायला तेवढे पुरते, पण त्यातला एक रकाना जादा आहे का, हेही तपासावे लागते. आपल्या वाचनालयाचा नियम असा की परत आलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटात लागते आणि त्यानंतरच पुन्हा दिले जाते. म्हणजे एक प्रत एका दिवशी एकदाच बाहेर जाते. दाखल क्रमांक आणि तारीख कळली की ती कोणी नेली हे ठरलेच. तेव्हा की दोनच रकान्यांची: दाखल क्रमांक आणि दिल्याची तारीख. सभासद क्रमांक कीचा भाग नाही.

हा निष्कर्ष पाच ओळी बघून काढता आला नसता. तो वाचनालयाच्या नियमातून आला. कोणता रकाना कोणता रकाना ठरवतो, म्हणजेच फंक्शनल डिपेंडन्सी, हे नेहमी व्यवहाराचे नियम विचारूनच लिहावे. आपल्या नियमांवरून पुढील यादी तयार होते:

```
दाखल क्र.               → शीर्षक क्र.
शीर्षक क्र.              → शीर्षक, लेखक
सभासद क्र.              → नाव, वर्ग
वर्ग                     → वर्गणी
दाखल क्र., दिल्याची तारीख → सभासद क्र.
```

या टेबलात काय बिघडते

वाचनालयाने एक नवे पुस्तक विकत घेतले, दाखल क्रमांक १६०२. ते अजून कोणी नेलेले नाही, म्हणून दिल्याची तारीख नाही. तारीख कीचा भाग असल्याने ती रिकामी सोडता येत नाही, आणि म्हणून पुस्तकाची नोंदच करता येत नाही. ही इन्सर्ट अनॉमली. आज नाव नोंदवलेल्या, पण अजून पुस्तक न नेलेल्या सभासदाची अवस्थाही अशीच होते. अशा वेळी कोणीतरी १ जानेवारी १९०० अशी खोटी तारीख टाकून काम भागवते. टेबलात अशा तारखा दिसल्या की रचनेत इन्सर्ट अनॉमली आहे असे ओळखावे.

पाटील यांनी जुलैपासून ब वर्ग घेतला. त्यांच्या तीन ओळी आहेत. त्यांपैकी दोन बदलल्या आणि तिसरी राहिली, तर एकच माणूस एकाच वेळी अ आणि ब वर्गात दिसतो. ही अपडेट अनॉमली. तिन्हींत ती जास्त त्रासदायक, कारण टेबल कोणतीही तक्रार न करता ही चूक सांभाळून ठेवते आणि महिन्याच्या हिशेबात वर्गणी ४० की ६० असा वाद निघेपर्यंत ती कोणाच्या लक्षात येत नाही. चालू टेबलात ती आधीच घडली आहे का, हे मात्र शोधता येते:

```sql
SELECT sabhasad_kr
FROM devghev
GROUP BY sabhasad_kr
HAVING COUNT(DISTINCT varga) > 1;
```

उत्तरात एखादा सभासद आला, तर त्याच्या नावावर दोन वर्ग आहेत. उत्तर रिकामे आले तर विसंगती अजून घडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. रचना तिला वाव देतेच.

तिसरी डिलीट अनॉमली. वर्षअखेरीस जून महिन्याच्या परत आलेल्या नोंदी काढून टाकल्या. १५३० क्रमांकाची नोंद ‘बटाट्याची चाळ’ची एकमेव नोंद होती. ती गेल्यावर कपाटात उभे असलेले पुस्तक संगणकाच्या लेखी वाचनालयात नाहीच. शेख यांच्या दोन्ही ओळी गेल्या की शेख हे सभासद गेले, आणि ब वर्गाची वर्गणी ४० रुपये आहे ही माहितीही गेली, कारण ती आणखी कुठेच लिहिलेली नव्हती.

दुसरा नॉर्मल फॉर्म

कीचा केवळ एक तुकडा जो रकाना ठरवतो, तो रकाना या टेबलातून बाहेर काढायचा. आपल्या कीचे तुकडे दोन. एकट्या तारखेवरून काहीच ठरत नाही. एकट्या दाखल क्रमांकावरून शीर्षक क्रमांक, शीर्षक आणि लेखक ठरतात. तेव्हा हे तीन रकाने दाखल क्रमांकासह ‘प्रत’ या नव्या टेबलात जातात. १६०२ आता तारखेशिवाय नोंदवता येते, आणि जुन्या नोंदी काढल्या तरी ‘बटाट्याची चाळ’ जागेवर राहते.

बरेच विद्यार्थी याच पायरीवर सभासदाचे टेबलही वेगळे करतात. तीन रकान्यांची की धरली असेल तर नाव हे कीच्या एका तुकड्यावर अवलंबून आहे असे दिसते, म्हणून ते तसे करतात. पण आपल्या कीत सभासद क्रमांक नाही. त्यामुळे नाव, वर्ग आणि वर्गणी हे दुसऱ्या नॉर्मल फॉर्मचे दोष नाहीत आणि या पायरीनंतरही ते देवघेवीच्या टेबलातच राहतात. पाटील यांचा वर्ग अजूनही तीन ओळींत आहे. शेवटची टेबले दोन्ही वाटांनी सारखीच येतात, पण ‘दुसऱ्या नॉर्मल फॉर्ममधली टेबले लिहा’ या प्रश्नाचे पहिले उत्तर चूक आहे.

तिसरा नॉर्मल फॉर्म

आता साखळ्या शोधायच्या. कीवरून सभासद क्रमांक ठरतो, सभासद क्रमांकावरून वर्ग आणि वर्गावरून वर्गणी. कीमध्ये नसलेला रकाना कीमध्ये नसलेल्याच दुसऱ्या रकान्याला ठरवतो, याला ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणतात. ही साखळी दोनदा तोडावी लागते. नाव, वर्ग आणि वर्गणी एकत्र ‘सभासद’ टेबलात नेऊन थांबलो, तर ब वर्गाची वर्गणी ४५ करताना त्या वर्गातल्या प्रत्येक सभासदाची ओळ बदलावी लागेल. म्हणजे अपडेट अनॉमलीने फक्त घर बदलले. ‘प्रत’ टेबलातही एक साखळी उरली आहे. दाखल क्रमांकावरून शीर्षक क्रमांक आणि त्यावरून शीर्षक व लेखक, म्हणून ‘कोसला’च्या दोन्ही प्रतींसमोर नेमाडे यांचे नाव दोनदा येते. तीही तोडली की पाच टेबले होतात:

```
देवघेव (दाखल क्र., दिल्याची तारीख, सभासद क्र., परत तारीख)
प्रत    (दाखल क्र., शीर्षक क्र.)
शीर्षक (शीर्षक क्र., शीर्षक, लेखक)
सभासद (सभासद क्र., नाव, वर्ग)
वर्ग    (वर्ग, वर्गणी)
```

देवघेवीची की पहिले दोन रकाने मिळून आहे. बाकीच्या टेबलांत पहिला रकाना ही की.

टेबल कुठे तोडायचे यालाही नियम आहे. दोन तुकड्यांत समान राहणारा रकाना निदान एका तुकड्यात की असला पाहिजे. समजा कोणी देवघेव ‘दाखल क्रमांक आणि तारीख’ व ‘तारीख आणि सभासद क्रमांक’ अशी तोडली. हे तुकडे तारखेवरून पुन्हा जोडले तर ३ जूनच्या तीन प्रती दोन्ही सभासदांशी जुळून सहा ओळी होतात आणि २१ जूनच्या दोन प्रतींच्या चार. पाच खऱ्या ओळींच्या दहा झाल्या. त्यांत शेख यांनी ‘बटाट्याची चाळ’ नेल्याची खोटी नोंदही आली. आपल्या पाच टेबलांत प्रत्येक जोड कीवरून होतो, म्हणून ओळी वाढतही नाहीत आणि हरवतही नाहीत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वर्गणी भरल्याच्या पावत्यांचे टेबल असेल, तर त्यातली रक्कम पुनरुक्ती समजून काढू नये. ‘वर्ग’ टेबलात आजचा दर आहे, तर पावतीवर त्या दिवशी प्रत्यक्ष घेतलेली रक्कम, आणि ती पावती क्रमांकावर अवलंबून आहे. ती काढली तर दर ४५ झाल्याक्षणी जुन्या सगळ्या पावत्याही ४५ रुपयांच्या दिसू लागतील.

पुढच्या आठवड्यात दोन लेखकांचे पुस्तक घेऊ, कारण आपला लेखकाचा रकाना तिथे पहिल्याच नॉर्मल फॉर्ममध्ये अडतो. तोवर वाचकांनी एक गणित सोडवून ठेवावे. वाचनालयाने नियम बदलला: परत आलेले पुस्तक त्याच दिवशी दुसऱ्या सभासदाला देता येईल, मात्र एका सभासदाला तीच प्रत त्याच दिवशी पुन्हा मिळणार नाही. आता की कोणती, आणि सभासदाचे नाव कोणत्या नॉर्मल फॉर्मचा भंग करते?