नोकरीच्या वाईट रिव्ह्यूला टोमणा मारण्याऐवजी उत्तर कसं द्यायचं?

नवीन नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी ग्लासडोर किंवा अ‍ॅम्बिशनबॉक्सवर कंपनीचं नाव टाकून बघायची सवय आता बहुतेकांना लागली आहे. तिथं आजी-माजी कर्मचारी नाव न देता लिहितात. पगार वेळेवर होतो का, वरिष्ठ कसे वागतात, सुट्टी मिळते का, हे सगळं त्यात येतं. कंपनीला प्रत्येक रिव्ह्यूखाली जाहीर उत्तर देण्याची सोय असते. मोठ्या कंपन्यांमध्ये हे काम एचआरमधलं कुणीतरी करतं. तीस-चाळीस माणसांच्या कंपनीत मात्र मालक स्वतःच, बहुतेकदा रात्री घरी बसून, मोबाइलवर उत्तर टाइप करतो. टोमणे जन्माला येतात ते तिथंच.

असा टोमणा सभ्य भाषेत कसा फिरवायचा, एवढाच हा प्रश्न नाही. टोमण्यात मालक रागाच्या भरात काय कबूल करून बसतो, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी एक काल्पनिक पण नेहमीच्या अनुभवातलं उदाहरण घेऊ.

रिव्ह्यू आणि त्यावरचं उत्तर

समजा, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ३० माणसांचं एक कार्यालय आहे. तिथल्या एका माजी कर्मचाऱ्यानं एक स्टार देऊन असं लिहिलं :

"पगार कधीच ७ तारखेच्या आत होत नाही. नवरात्रात नाक्यावरचे रस्ते बंद असतात, तरी १५ मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. राजीनामा देऊन दोन महिने झाले, हिशेब मिळालेला नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडतो."

मालकानं त्याच रात्री उत्तर टाकलं :

"वा साहेब! आठ महिन्यांत १९ वेळा उशिरा आलात, तरी आम्ही आपल्यासाठी पालखी पाठवली नाही, ही आमचीच चूक. अर्ध्या दिवसाचा नियम रुजू होतानाच सांगितला होता, वाचता येत असेल तर. क्लायंटचे पैसे आले की पगार होतो, नोटा आम्ही छापत नाही. कल्याणहून येणारेही वेळेवर पोहोचतात बरं का! पुढच्या 'राजवाड्यात' नोकरीसाठी शुभेच्छा."

या उत्तरात नेमकं काय बिघडलं?

मराठीत टोमणा शिवीतून कमी आणि आदरातून जास्त येतो. 'साहेब', 'आपण', 'बरं का', 'म्हणे', अवतरणचिन्हातला 'राजवाडा', शेवटच्या शुभेच्छा हे सगळे शब्द एरवी सभ्यच आहेत. म्हणूनच लिहिणाऱ्याला आपण मर्यादा सोडली असं वाटत नाही. वाचणाऱ्याला मात्र पहिल्याच शब्दात सूर कळतो. आणि इथं वाचणारा म्हणजे तो माजी कर्मचारी नाही, तो तर कधीच निघून गेला. वाचतो तो पुढच्या आठवड्यात मुलाखतीला येणारा उमेदवार. 'उद्या मी तक्रार केली तर माझ्याशीही असंच बोलतील,' एवढाच अर्थ तो घेतो.

पण सुराइतकाच मजकूरही घातक आहे. '८ महिन्यांत १९ वेळा' या आकड्यामुळे निनावी लिहिणारा कोण, हे कार्यालयातल्या प्रत्येकाला कळलं. हजेरीची माहिती कंपनीकडे कामापुरती असते, ती चव्हाट्यावर मांडण्यासाठी नसते. शिवाय अंदाज चुकला असेल, तर भलत्याच माणसाची बदनामी झाली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मालकानं दोन नियमभंग स्वतःच्या हातानं लिहून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक पगार पुढच्या महिन्याची ७ तारीख उलटण्यापूर्वी द्यावा लागतो. क्लायंटनं पैसे दिले की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. म्हणजे १५ मिनिटांसाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापता येत नाही, मग तो नियम रुजू होताना सांगितलेला असो वा नसो. हे प्रमाणाचं तत्त्व आधीच्या १९३६ च्या वेतन कायद्यातही होतं. रिव्ह्यू हा एका निनावी माणसाचा आरोप होता. उत्तरानं त्याला कंपनीची कबुली जोडली.

मग सुरुवात कुठून करायची?

उत्तर लिहिण्यापासून नाही. आधी रिव्ह्यूमधली प्रत्येक तक्रार वेगळी करून कागदावर मांडायची आणि तिच्यासमोर आपल्या नोंदी काय सांगतात ते लिहायचं. आपल्या उदाहरणात चार तक्रारी आहेत. पगाराच्या तारखा बँक स्टेटमेंटमध्ये मिळतात, कपात पगारपत्रकात, उशिराच्या वेळा बायोमेट्रिक हजेरीत आणि हिशेबाचा प्रवास राजीनाम्यानंतरच्या ईमेलमध्ये.

समजा, तपासणीत हे निघालं. गेल्या १२ महिन्यांत ८ वेळा पगार वेळेत झाला, ४ वेळा ७ तारखेनंतर. म्हणजे 'कधीच नाही' हे खरं नाही, पण तक्रार खरी आहे. अर्ध्या दिवसाची कपात खरी आहे. हिशेबही खरंच रखडला आहे, कारण लॅपटॉप परत आल्याची नोंद करायची राहिली आणि फाइल टेबलावर पडून राहिली. संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करावं लागतं. मॅनेजरबद्दलच्या एका ओळीवरून मात्र काहीच ठरवता येत नाही. त्यासाठी त्याच्या हाताखालच्या लोकांशी एकेकट्यानं बोलावं लागेल.

इथं मोह होतो तो 'कधीच' या शब्दाला पकडण्याचा. बारापैकी आठ वेळा पगार वेळेत झाला, म्हणजे रिव्ह्यू खोटा, असं सिद्ध करता येतं खरं. पण उमेदवाराला त्यातून एवढंच कळतं, की इथं दर तीन महिन्यांत एकदा पगार लांबतो.

उत्तरापूर्वी दुरुस्ती

आता टोमण्यातला प्रत्येक भाग पुन्हा बघा. पालखी, राजवाडा, 'वाचता येत असेल तर' हे सगळं काढून टाकलं तर खाली तीन खरे मुद्दे उरतात : वेळेची शिस्त हवी, क्लायंटचे पैसे उशिरा येतात, नियम आधी सांगितला होता. यातला पहिला मुद्दा योग्य आहे, पण तो पगार न कापताही सांभाळता येतो. दुसरा कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे, तो कर्मचाऱ्याला सांगण्याचं कारण नाही. तिसऱ्यात दम नाही, कारण नियमच चुकीचा होता.

म्हणून क्रम असा : आधी रखडलेला हिशेब चुकता करायचा, जास्तीची कपात ज्यांच्या पगारातून झाली त्या सगळ्यांना ती परत द्यायची, नियम लेखी बदलायचा आणि मगच उत्तर लिहायचं. 'लवकरच सुधारणा करू' असं लिहिलं आणि केलं नाही, तर पुढचा रिव्ह्यू तेच वाक्य उद्धृत करून येतो. हे प्रकरण कामगार आयुक्त कार्यालयात किंवा कोर्टात गेलं असेल, तर जाहीर उत्तरापूर्वी वकिलाला मजकूर दाखवावा.

बदललेलं उत्तर

"आपण मांडलेले मुद्दे आम्ही नोंदींवरून तपासले. गेल्या १२ महिन्यांत ४ वेळा पगार ७ तारखेनंतर झाला. तसं व्हायला नको होतं. आता पगाराची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात ठेवतो आणि पगार ५ तारखेला जमा होतो. उशिरासाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापणं बंद केलं आहे आणि कापलेली जादा रक्कम परत केली आहे. नवरात्रात टेंभी नाक्यावरची वाहतूक बदलते, त्या दिवसांत १० ऐवजी ११ पर्यंत येता येईल. माजी सहकाऱ्यांचे रखडलेले हिशेब पूर्ण केले आहेत. कुणाचा राहिला असल्यास थेट माझ्याशी संपर्क साधावा. वरिष्ठांच्या वागण्याबद्दलची तक्रार आता संबंधित मॅनेजरला न कळवता करता येते. – संचालक"

या उत्तरात लिहिणाऱ्याची ओळख पटेल असं काही नाही. 'पण', 'तरीही', 'खरं म्हणजे' अशी सुरुवात असलेलं एकही वाक्य नाही. मॅनेजरला दोषी ठरवलेलं नाही आणि त्याची बाजूही घेतलेली नाही. प्रत्येक वाक्यातली गोष्ट आत काम करणारा माणूस पडताळून पाहू शकतो, आणि हीच उत्तराची खरी कसोटी. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कर्मचारी हेच आमचं बळ' हे उत्तरही शांत असतं. पण तेच वाक्य दहा रिव्ह्यूंखाली दिसलं, की वाचणारा ते टोमण्याइतकंच अपमानास्पद मानतो.

आधीचं टोमण्याचं उत्तर काढता किंवा बदलता येत असेल, तर ते बदलावं. पण स्क्रीनशॉट फिरलेले असतील, तर गुपचूप पुसण्यापेक्षा नव्या उत्तराच्या सुरुवातीला 'आमच्या आधीच्या उत्तराची भाषा योग्य नव्हती, ते मागे घेतलं आहे' एवढं एक वाक्य पुरतं.

रिव्ह्यू खोटा असेल तर?

तेव्हाही 'खोटारडा' किंवा 'प्रतिस्पर्ध्यानं लिहवून घेतलंय' असं लिहू नये, कारण ते सिद्ध करता येत नाही. पडताळता येईल अशी माहिती द्यावी. समजा, 'पीएफ भरत नाहीत' असा खोटा आरोप आहे. त्यावर 'पीएफ दरमहा जमा होतो, प्रत्येक सहकाऱ्याला तो यूएएन वापरून आपल्या पासबुकात पाहता येतो' एवढं पुरेसं आहे. मजकुरात शिवीगाळ किंवा कुणाचं नाव घेऊन आरोप असेल, तर संकेतस्थळाकडे 'फ्लॅग' करता येतं. संकेतस्थळ नियमभंग झाला आहे का ते बघतं. केवळ मालकाला मान्य नाही म्हणून रिव्ह्यू काढला जात नाही.

जिथं गप्प राहणं कायद्यानं आवश्यक आहे

रिव्ह्यूमध्ये लैंगिक छळाचा उल्लेख असेल, तर वरची पद्धत लागू होत नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, तक्रारदार महिला, जिच्यावर वा ज्याच्यावर आरोप आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, तसंच चौकशीचा तपशील जाहीर करता येत नाही. त्यामुळे 'चौकशी झाली, काही आढळलं नाही' हे शांत वाटणारं उत्तरही अडचणीत आणू शकतं. अशा वेळी दोनच वाक्यं लिहावीत : 'अशा विषयावर आम्ही जाहीर बोलत नाही. आमच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते.' १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात ही समिती असणं बंधनकारक आहे. ती नसेल, तर उत्तर लिहिण्याआधी समिती नेमावी.

उपयोग झाला, हे कसं ओळखायचं?

एक स्टार देणारा माणूस परत येऊन पाच स्टार देईल, अशी अपेक्षा ठेवू नये. पुढच्या सहा महिन्यांतले रिव्ह्यू वाचावेत. पगाराच्या तारखेची तक्रार थांबली आणि नवी, वेगळी तक्रार आली, तर दुरुस्ती खरी झाली. तीच तक्रार पुन्हा आली, तर नवं उत्तर लिहायला बसू नये. बँक स्टेटमेंट पुन्हा उघडावं.