स्वाइप मशीन घ्यायचं का? आधी कार्डाचा गल्ला मोजा

अमरावती आणि अकोल्याच्या बऱ्याच श्रोत्यांनी हाच प्रश्न पाठवला होता, म्हणून आजचा अख्खा एपिसोड त्यावरच. छोटं दुकान आहे, तर कार्ड स्वाइप मशीन, म्हणजे पीओएस, घ्यायचं का? घेतलं तर ते बँकेच्या खात्याला जोडायचं कसं?

सगळ्यात आधी एक गोष्ट. यूपीआयसाठी मशीन लागत नाही, छापील क्यूआर पुरतो. मशीन लागतं ते कार्डासाठी. त्यामुळे एकूण विक्री किती, हे बाजूला ठेवा. महिनाभर एका वहीत लिहा की किती गिऱ्हाइकांनी कार्ड चालेल का म्हणून विचारलं आणि त्यांचं बिल किती होतं. निर्णय त्या आकड्यावर घ्यायचा.

आता खर्च. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर बँक काही टक्के कापते, त्याला एमडीआर म्हणतात. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तो 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवर, मागच्या वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेने 0.40 टक्के कमाल मर्यादा घातली आहे. उलाढाल त्याहून जास्त असेल तर मर्यादा 0.90 टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे बँक सांगेल तो दर, म्हणून घासाघीस तिथेच करायची.

एक हिशोब करून पाहू. समजा, अकोल्यात तिलक रोडवर साडीचं दुकान आहे. महिन्याची विक्री दीड लाख, त्यातली कार्डावर 30 हजार: 10 हजार व्हिसा किंवा मास्टरकार्ड डेबिटवर आणि 20 हजार क्रेडिटवर. क्रेडिटचा दर 1.8 टक्के मिळाला असं धरू. डेबिटचे कटले 40 रुपये, क्रेडिटचे 360. झाले 400. मशीनचं भाडं 400 धरा. एकूण 800, त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 944 रुपये. म्हणजे कार्डाच्या शंभर रुपयांमागे तीन रुपयांच्या वर गेले. हीच कार्ड-विक्री 5 हजारांवर आली तरी भाडं तेवढंच राहतं, आणि मग शंभरामागे दहाच्या वर जातात. तेव्हा क्यूआरच बरा.

‘काहून बा, मशीन तं फुकट हाये ना?’ असं कोणी म्हणालं, तर कागद मागा. भाडं, कमीत कमी विक्रीची अट, मशीन परत केल्यावरचे पैसे आणि सिम कोणत्या कंपनीचं, हे चार मुद्दे त्यात लिहून हवेत. सिमची रेंज आपल्या दुकानात, काउंटरवर उभं राहून बघायची. आणि हो, डेबिट कार्डावरचा एमडीआर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही.

आता खातं जोडणं. पॅन, आधार, गुमास्ता किंवा उद्यम प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक जवळ ठेवा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावर. दुकान ‘साडी सेंटर’च्या नावाने आणि चेक मालकाच्या बचत खात्याचा असेल, तर नाव जुळत नाही. एकट्या मालकाचं दुकान असेल तर पॅन मालकाचंच चालतं, पण चालू खातं दुकानाच्या नावाने उघडा आणि सगळ्या कागदांवर तेच नाव, तेच स्पेलिंग ठेवा. खातं तपासायला कंपनी एक रुपया टाकून नाव पडताळते, तेव्हा हेच कामी येतं.

मशीन आलं की घरातल्या कोणाच्या तरी डेबिट कार्डाने शंभर रुपयांचा एक व्यवहार करा. स्लिपवर मर्चंट आयडी आणि टर्मिनल आयडी असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण तक्रार करताना आधी तोच विचारतात. पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात किती जमा झाले ते बघा. शंभर आले, की एमडीआर कापून आले? कापून येत असतील, तर रोजची जमा आणि रोजच्या स्लिपांची बेरीज जुळणार नाही, हे वहीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

शेवटचं, गर्दीच्या वेळचं. गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे कटल्याचा मेसेज आला, पण आपल्या मशीनवर ‘Approved’ची स्लिप निघाली नाही, तर ती विक्री झाली असं धरू नका. असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत द्यायचा नियम आहे. त्याहून उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे त्याला शांतपणे सांगा, म्हणजे काउंटरवर भांडण होत नाही.

तुमच्या वहीतला कार्डाचा आकडा किती निघाला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!