३१ डिसेंबरला पुढचं साल कुठून आलं?

एखाद्या सोसायटीच्या देखभाल वर्गणीची पावती ३१ डिसेंबर २०२५ ला निघाली आणि तिच्यावर तारीख छापून आली ३१ डिसेंबर २०२६. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल मात्र एक वर्ष पुढचं. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, तीच प्रणाली बिनचूक २०२६ छापते. त्यामुळे सगळे म्हणतात, ‘काहीतरी गडबड होती, झालं आता ठीक.’ खरं तर प्रोग्रामची ती ओळ कोणी दुरुस्त केलेली नसते. चूक दिसायचे दिवस तेवढे संपलेले असतात.

संगणकाच्या आत तारीख अक्षरांत नसते. ती पडद्यावर किंवा कागदावर आणायची तर प्रोग्रामर एक साचा लिहून देतो. त्याला फॉरमॅट स्ट्रिंग म्हणतात. आधी साल, मग महिना, मग दिवस, असा तो साचा. जावा या भाषेत त्याचे दोन अवतार बघा:

```java
LocalDate d = LocalDate.of(2025, 12, 31);

d.format(DateTimeFormatter.ofPattern("yyyy-MM-dd")); // 2025-12-31
d.format(DateTimeFormatter.ofPattern("YYYY-MM-dd")); // 2026-12-31
```

फरक फक्त `y` लहान की मोठा, एवढाच. लहान `yyyy` म्हणजे आपलं नेहमीचं साल. मोठं `YYYY` विचारतं ते वेगळंच: ही तारीख ज्या आठवड्यात येते, तो आठवडा कोणत्या सालाचा? संगणक या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर देतो. आपल्याला तो प्रश्न विचारायचाच नव्हता, हा भाग निराळा.

एकच दिवस दोन वेगवेगळ्या वर्षांत मोजायची आपल्याला सवय आहेच. तो ३१ डिसेंबर पंचांगात शके १९४७ मध्ये होता आणि हिशेबाच्या वहीत २०२५-२६ या आर्थिक वर्षात. आठवड्यांचं वर्ष हा असाच तिसरा हिशेब. तो आला युरोपातल्या कामकाजातून. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये माल कधी पोचेल असं विचारलं, तर ‘सातव्या आठवड्यात’ असं उत्तर मिळणं अगदी रोजचं आहे. कारखान्याचं वेळापत्रक, आठवड्याचा पगार, दुकानाची विक्री हे सगळं आठवड्यावर चालत असेल, तर आठवडा मधोमध तोडून चालत नाही. म्हणून या हिशेबात वर्ष नेहमी पूर्ण आठवड्यांचं असतं, कधी ५२ तर कधी ५३. म्हणजे दिवस ३६४ किंवा ३७१. ३६५ कधीच नाहीत.

मग १ जानेवारी आठवड्याच्या मध्येच आली तर तो आठवडा कोणाचा? ISO 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाचं उत्तर सरळ आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्याचे चार किंवा जास्त दिवस ज्या सालात पडतात, त्या सालाचा तो. सात दिवसांचा मधला दिवस गुरुवार, त्यामुळे गुरुवार ज्या सालात, आठवडा त्या सालाचा, असंही म्हणता येतं. १ जानेवारी २०२६ हा गुरुवारच होता. त्या आठवड्यात २९, ३० आणि ३१ डिसेंबर हे तीन दिवस जुन्या सालाचे, तर १ ते ४ जानेवारी हे चार दिवस नव्या सालाचे. बहुमत नव्याचं, म्हणून सोमवार २९ डिसेंबरपासूनचा अख्खा आठवडा २०२६ चा पहिला आठवडा ठरला. `YYYY` ने तेच सांगितलं. त्याला जोडून `MM-dd` लिहिलं होतं, ते मात्र नेहमीच्या वर्षातलं. दोन हिशेबांचे तुकडे एकत्र चिकटले आणि ‘२०२६ चा ३१ डिसेंबर’ तयार झाला.

मुळात मोठा `Y` लिहितंच कोण? अनुभवी माणसंही लिहितात, आणि त्यांना फार दोष देता येत नाही. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये `YYYY` हेच नेहमीचं साल आहे. तिथे आठवड्यांच्या वर्षासाठी `IYYY` लिहावं लागतं. पायथनमध्ये `%Y` नेहमीचं साल आणि `%G` आठवड्यांचं. वेबसाइटवाल्यांच्या परिचयाच्या `moment.js` मध्येही `YYYY` अगदी योग्य. तिथली सवय घेऊन माणूस जावाकडे किंवा आयफोनच्या प्रोग्रामकडे वळला की फसतो, कारण या दोन्हीकडे मोठ्या `Y` चा अर्थ आठवड्यांचं वर्ष असा आहे. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत मोठा `Y` चालायचाच नाही, प्रोग्राम तिथेच अडायचा. सातव्या आवृत्तीपासून तो वैध झाला, आणि चूक बोंब न मारता आत शिरू लागली.

जावामध्ये आणखी एक पेच आहे. तिथलं `YYYY` देशाची सेटिंगही बघतं. अमेरिकेच्या आणि भारताच्या सेटिंगमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि नव्या सालाचा एकच दिवस आत असला, तरी तो आठवडा नव्या सालाचा धरतात. त्यामुळे अशा संगणकावर २०२५ सालची चूक २९ ऐवजी रविवारी, २८ डिसेंबरलाच दिसू लागते. म्हणून ‘माझ्या मशिनवर बरोबर येतंय’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २९ डिसेंबर २०१४ ची ट्विटरवरची घटना. तोही सोमवार होता. ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्र झाली, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि अँड्रॉइड फोनवरच्या बऱ्याच लोकांचं ट्विटर आपोआप लॉग आउट झालं. सर्व्हरच्या उत्तरात तारीख येत होती ‘सोमवार, २९ डिसेंबर २०१५’. फोनच्या दृष्टीने सर्व्हर वर्षभर पुढे गेला होता. पाहणाऱ्या प्रोग्रामरांनी कारण ताडलं ते हेच, आठवड्यांच्या वर्षाचं. त्या तारखेतच पुरावा होता: २९ डिसेंबर २०१५ ला सोमवार नव्हता, मंगळवार होता. आपल्याकडच्या नोंदींत असा वार आणि तारखेचा मेळ बसत नसेल, किंवा तारीख बरोबर एका वर्षाने पुढे असेल आणि हे फक्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घडत असेल, तर संशय आधी याच अक्षरावर घ्यावा.

अक्षर बदलणं मिनिटाचं काम. बिघडलेल्या नोंदी निस्तरणं अवघड. नोंद केल्याची मूळ वेळ वेगळी साठवलेली असेल तर साल परत काढता येतं. नसेल तर ‘३१ डिसेंबर २०२६’ ही चूक आहे की खरोखरच पुढच्या वर्षीची मुदत, हे कागदपत्रं बघूनच ठरवावं लागतं. एक वर्ष कमी करून टाका, असा सरसकट उपाय केला तर खऱ्या मुदतीही मागे सरकतात.

`YYYY` वापरायची जागा एकच: सोबत आठवड्याचा क्रमांक, म्हणजे `ww`, असेल तेव्हा. महिना आणि दिवसाशेजारी ते दिसलं की जावात ती चूकच समजावी. चाचणी घेताना आजची तारीख टाकून उपयोग नाही, कारण वर्षातले बहुतेक दिवस दोन्ही साचे एकच साल देतात. डिसेंबर २०२६ साठी तर दोन्ही टोकं तपासा. भारतीय सेटिंगमध्ये रविवार २७ डिसेंबरपासूनच २०२७ दिसू लागेल. आंतरराष्ट्रीय मानकाने चालणाऱ्या प्रणालीत डिसेंबर सुरळीत जाईल, पण २०२७ च्या जानेवारीच्या १, २ आणि ३ तारखेला साल छापलं जाईल २०२६.