‘साहेब, मंगळवारी आलो होतो’

भोसरी एमआयडीसीत माझा छोटा टर्निंगचा गाळा आहे. सीएनसी चार, जुनी लेथ एक, माणसं अकरा. आठवड्याला दोन-तीन पोरं तरी ‘काम आहे का?’ विचारत दारात येतात. बहुतेक आयटीआय झालेली असतात. मी नंबर देतो, ‘मेसेज टाकून ठेव’ म्हणतो. मेसेज येतोही, पण तो वाचताना कोण हा, कधी आला होता, माझ्याशी काय बोलला, यातलं काहीच आठवत नाही. ‘सर जॉब आहे का’ आणि खाली बायोडाटाची पीडीएफ. हातात कूलंट लागलेलं असताना मी ती पीडीएफ उघडत नाही, आणि हात धुऊन झाल्यावर विसरतो.

मागच्या वर्षी एका पोराचा मेसेज आला, तो मी अजून ठेवला आहे. नाव गाळून जसाच्या तसा देतो.

‘नमस्कार साहेब. मी टर्नर आयटीआय, यंदा पास. काल मंगळवारी चार वाजता गाळ्यावर आलो होतो. तुम्ही पितळी बुशचा बोअर मोजायला दिला होता आणि मी व्हर्निअर लावला होता. मला ट्रेनी म्हणून घ्यावं ही विनंती. १ तारखेपासून येऊ शकतो. पहिली शिफ्ट पूर्ण जमेल. दुसऱ्या शिफ्टला रात्री १० पर्यंत थांबेन, त्यानंतर घरी जायला बस नाही. १४ आणि १५ ला बहिणीचं लग्न आहे, ते दोन दिवस येणार नाही. वर्षभर राहायची तयारी आहे. तुमची हरकत नसेल तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत फोन करतो.’

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आला. आमची जेवणाची सुट्टी एकला होते, हे त्याने आदल्या दिवशी भिंतीवरच्या पाटीवर वाचलं असणार. फोन शुक्रवारी करतो म्हणाला, कारण गुरुवारी भोसरीला सुट्टी असते. रात्री अकराला आलेला मेसेज सकाळी डिस्पॅचच्या फोटोंखाली गाडला जातो. हा गाडला गेला नाही.

आता त्या बोअरचं. ड्रॉइंगवर माप होतं २५ मिलिमीटर, एच-७. म्हणजे भोक २५ पेक्षा लहान असता कामा नये, आणि मोठं असलं तरी फार तर २१ मायक्रॉन. आयटीआयमध्ये पोरं जो साधा व्हर्निअर वापरतात, त्यावर सर्वांत लहान वाचन ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. जेवढी सूट आहे, जवळजवळ तेवढीच मोजपट्टीची एक पायरी. त्यामुळे व्हर्निअरने हे भोक मोजून ‘पास’ म्हणणं म्हणजे अंदाजच. मी त्याला बोअर गेज दाखवला, गो-नोगो प्लग घालून दाखवला. गो बाजू आत गेली, नोगो अडकली. दहा मिनिटांचं काम. त्या बुशचं नाव मेसेजमध्ये वाचलं आणि मला पोराचा चेहरा, त्याने बुश उजेडाकडे धरून बघितला होता ते, सगळं आठवलं. ‘मी मेहनती आहे’ लिहिलं असतं तर यातलं काहीच आठवलं नसतं.

पण मी त्याला घेतलं ते बुशमुळे नाही, वेळेच्या वाक्यांमुळे. का, ते आमच्या हिशोबातून सांगतो.

नवा पोरगा आला की पहिले दोन-तीन आठवडे तो फक्त जॉब लावतो, काढतो, बर काढतो, प्रत्येक दहावा तपासतो. ऑफसेट बदलायला मी त्याला तीन महिन्यांआधी हात लावू देत नाही, कारण आकडा उलट्या खुणेने टाकला की टूल चकमध्ये जातं. या काळात माझा सेटर रोजचा तास-दीड तास त्याच्यामागे घालवतो. त्या वेळात त्याने नवं सेटिंग लावलं असतं. पोरगा दोन महिन्यांत निघून गेला तर हे सगळं पाण्यात. आणि निघून जातात. कुणी पोलीस भरतीला, कुणी पेरणीला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण आधी कळलं तर मी त्याला मशीनऐवजी तपासणीच्या टेबलावर बसवतो. म्हणून ‘वर्षभर’ हा शब्द मला पगाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, ‘कुठलीही शिफ्ट चालेल’ हे वाक्य. ते वाचलं की मी सावध होतो. आमची दुसरी शिफ्ट साडेतीन ते बारा. याआधी एकाने असंच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी साडेनऊला तो मशीनजवळ घड्याळाकडे बघत उभा, शेवटची बस चुकेल म्हणून. पुढचे अडीच तास ती मशीन ऑपरेटरविना गेली. या पोराने दहाची मर्यादा आधीच सांगितली, तेव्हा मी दहानंतर कुणी थांबायची गरज नसलेली मशीन त्याच्यासाठी ठरवू शकलो. लग्नाचे दोन दिवस त्याने सांगितले म्हणून मला त्या तारखा मोकळ्या ठेवता आल्या. मर्यादा लिहिली म्हणून जागा जाते असं पोरांना वाटतं. माझ्याकडे तरी ती न लिहिल्यामुळे गेली आहे.

एक गोष्ट त्याने लिहिली नाही आणि ते बरं केलं. अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. ४ ते २९ असतील तर मालकाच्या मर्जीवर. अकरा माणसांच्या माझ्यासारख्याला कायदा दाखवून काही मिळत नाही, उलट मालक बिचकतो. मात्र होकार आल्यावर हा विषय जरूर काढावा. तोंडी ‘ट्रेनी’ आणि नोंदवलेला अॅप्रेंटिस यांत बराच फरक आहे. नोंदवलेल्याचा सरकारी पोर्टलवर करार होतो, त्याला ओव्हरटाइमला परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि अॅप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंत वाटा सरकार उचलतं. छोट्या मालकाला पोर्टलचा कंटाळा असतो, मलाही होता. पोरगा आपली नोंदणी स्वतः करून आला तर निम्मं काम हलकं होतं.

उत्तर आलं नाही तर? चार-पाच दिवसांनी एकदा, आणि त्यात काही नवीन असेल तरच: ‘माझी पोर्टलवर नोंदणी झाली’ किंवा ‘१ ऐवजी २८ पासून येऊ शकतो’. नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नये. मालकाचं ‘बघतो’ हे बहुतेक वेळा नकारच असतो; ‘आधार घेऊन ये’ म्हणाला तर समजावं जमलं.

शुक्रवारी एक वाजता त्याचा फोन आला, तेव्हा डबा उघडत होतो. म्हटलं, एक तारखेला सातला ये, आधार आणि बँकेचं पासबुक आण. आणि मंगळवारी चप्पल घालून आला होतास, ती इथे चालणार नाही. सेफ्टी शूज नसतील तर मी देतो, फक्त पायाचं माप सांग.

‘आठ नंबर,’ तो म्हणाला.