चाळीस फेऱ्यांचा हिशेब

जुन्या लेथचा गिअर तुटला आणि तो लेथ बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असली, की नवा गिअर बाजारात शोधून सापडत नाही. मग तो तुटका गिअर फडक्यात गुंडाळून जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेतात. भोसरी असो की शिरोली, मिलिंगवाला आधी दाते मोजतो आणि मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घेतो. समजा दाते २८ निघाले आणि व्यास भरला ६० मिलिमीटर. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने व्यासाला भागलं, की ६० भागिले ३० म्हणजे दोन. हा झाला गिअरचा मोड्यूल, म्हणजे दात्याचं माप. दोन मोड्यूलचे २८ दाते पाडायचे, एवढं पक्कं झालं.

खरी अडचण पुढेच आहे. गोल चकतीच्या कडेवर २८ खाचा अगदी सारख्या अंतरावर कशा पाडायच्या? ३६० अंशांना २८ ने भागलं तर १२.८५७१४… असं न संपणारं उत्तर येतं. अंशांच्या खुणा पाहून एवढं बारीक लावणं कोणालाच जमणार नाही. शिवाय दर खाचेला केसभर चुकलं, तरी शेवटच्या खाचेपर्यंत ती चूक साठत जाते. म्हणून मिलिंगवाला अंशांच्या वाटेला जातच नाही. तो डिव्हायडिंग हेड टेबलावर चढवतो आणि कोनाचा प्रश्न भोकं मोजण्यावर आणून ठेवतो.

डिव्हायडिंग हेडच्या पोटात दोनच मुख्य भाग असतात: एक वर्म आणि त्यात अडकलेलं ४० दात्यांचं वर्म व्हील. वर्म हा स्क्रूसारखा असतो. त्याचा एक पूर्ण फेरा झाला की व्हील फक्त एक दाता पुढे सरकतं. जॉब ज्या स्पिंडलवर बसतो त्याच स्पिंडलवर हे व्हील असतं आणि वर्मला बाहेरून हाताने फिरवायचा क्रँक असतो. म्हणजे क्रँक ४० वेळा फिरवावा, तेव्हा जॉब एकदा फिरतो. यावरून या कामाचं एकमेव सूत्र निघतं: जेवढे भाग हवेत तेवढ्याने ४० ला भागायचं. उत्तर येईल तेवढे क्रँकचे फेरे दर भागामागे द्यायचे.

दहा भाग हवे असतील तर चार फेरे, आठ हवे असतील तर पाच. पण पूर्णांकात उत्तर क्वचितच येतं. राहिलेला अपूर्णांक मोजायला क्रँकच्या मागे इंडेक्स प्लेट असते. ही गोल प्लेट असते आणि तिच्यावर एकात एक अशा वर्तुळांमध्ये भोकं पाडलेली असतात. ब्राउन अँड शार्प या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या पहिल्या प्लेटवर १५, १६, १७, १८, १९ आणि २० भोकांची वर्तुळं आहेत. दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१ आणि ३३ ची, तर तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७ आणि ४९ ची. क्रँकच्या मुठीत स्प्रिंगवर बसलेली पिन असते. ती ओढून धरायची, क्रँक फिरवायचा आणि हव्या त्या भोकात पिन सोडायची.

आधी सोपं काम घेऊ: षट्कोनी डोकं. एम १६ बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर २४ मिलिमीटर असतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते सुमारे २७.७ भरतं, म्हणून २८ मिलिमीटरचा गोल बार पुरतो. ४० भागिले ६ म्हणजे सहा पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश फेरा. दोन तृतीयांश मोजायला तीनने भाग जाणारं वर्तुळ लागतं. पहिल्या प्लेटवरचं १८ चं घेतलं तर त्याचे दोन तृतीयांश म्हणजे १२ भोकं. दर बाजूमागे सहा फेरे आणि १२ भोकं, एवढंच लक्षात ठेवायचं.

बार हेडच्या चकमध्ये आडवा धरायचा आणि वरून एंड मिलने सपाट बाजू काढायची. बार २८ चा, माप २४ चं, म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन मिलिमीटर जायला हवेत. पण जाणता माणूस एकदम दोनचा कट घेत नाही. तो पहिल्या बाजूवर १.८ घेतो आणि लगेच शेजारची बाजू न काढता समोरची काढतो. समोरची बाजू म्हणजे तीन भाग पुढे, आणि सहा पूर्णांक दोन तृतीयांशची तिप्पट बरोबर २० फेरे होते, म्हणजे पिन पुन्हा त्याच भोकात येते. आता व्हर्नियर लावला तर २४.४ मिळायला हवेत. मिळाले, तर टेबल आणखी ०.२ वर घेऊन सगळ्या सहा बाजू एकाच उंचीवर काढायच्या. माप वेगळं आलं, तर जेवढा फरक असेल त्याच्या निम्म्याने टेबलाची उंची दुरुस्त करायची, कारण तो फरक दोन बाजूंत वाटला जातो.

आता गिअर. ४० भागिले २८ म्हणजे एक पूर्ण फेरा आणि तीन सप्तमांश. सातने भाग जाणारं वर्तुळ दुसऱ्या प्लेटवर आहे, २१ भोकांचं. त्याचे तीन सप्तमांश म्हणजे नऊ भोकं. दर दात्यामागे एक फेरा आणि नऊ भोकं. हिशेब ताळ्याचा आहे का, हे इथेच तपासता येतं. २८ वेळा नऊ म्हणजे २५२ भोकं, ती २१ च्या वर्तुळाचे बरोबर १२ फेरे होतात. त्यात २८ पूर्ण फेरे मिळवले की ४०. म्हणजे अठ्ठाविसाव्या वेळी पिन सुरुवातीच्या भोकातच परतली पाहिजे. म्हणून त्या पहिल्या भोकाशी खडूची खूण करून ठेवतात.

बाहेरून ६० मिलिमीटर टर्न केलेला ब्लँक मॅन्ड्रेलवर बसवून हेड आणि टेलस्टॉकच्या सेंटरमध्ये धरतात. कटरही दात्यांच्या संख्येप्रमाणे निवडावा लागतो, कारण कमी दात्यांच्या गिअरचे दाते जास्त वळणदार असतात. एका मोड्यूलसाठी आठ कटरांचा संच येतो आणि २६ ते ३४ दात्यांना चार नंबरचा कटर चालतो. कटरचा मध्य जॉबच्या मध्यावर नीट आणावा लागतो. तो एका बाजूला राहिला तर सगळे दाते एकाच अंगाला कललेले निघतात. खाचेची खोली मोड्यूलच्या सव्वादोन पट, म्हणजे इथे साडेचार मिलिमीटर.

या कामात सर्वांत जास्त घडणारी चूक मोजणीत असते आणि ती भल्याभल्यांकडून होते. नऊ भोकं पुढे जायचं म्हणजे नऊ अंतरं पुढे जायचं. पिन ज्या भोकात आहे ते शून्य, त्याच्या पुढचं पहिलं. पिनचं भोकच पहिलं धरलं तर पिन आठच भोकं पुढे जाते. मग एक भाग १२.८६ ऐवजी सुमारे १२.४३ अंशांचा होतो. हा फरक नजरेला दिसत नाही. पण २८ वेळा फिरवून झाल्यावर जॉब ३४८ अंशांपर्यंतच पोचलेला असतो आणि पहिल्या खाचेपर्यंत १२ अंश शिल्लक राहतात. म्हणजे गिअर २९ दात्यांचा होतो. सगळे दाते सुमारे ०.२ मिलिमीटरने बारीक आणि शेवटचा त्याहून बारीक. असा गिअर बसवला तर जोडीदार गिअरमध्ये तो नीट बसतच नाही.

हे टाळायला प्लेटवर सेक्टर आर्म नावाच्या दोन पट्ट्या असतात, घड्याळाच्या काट्यांसारख्या उघडमीट होणाऱ्या. एक पट्टी पिनला टेकवायची. तिच्या पुढची नऊ भोकं मोजून दुसरी पट्टी नवव्याच्या पलीकडे लावायची आणि स्क्रू कसायचा. दोन पट्ट्यांच्या मधे पिनच्या भोकासकट दहा भोकं दिसली की मोजणी बरोबर. दर वेळी एक फेरा पूर्ण करून पिन दुसऱ्या पट्टीलगतच्या भोकात सोडायची आणि पट्ट्यांची जोडी ढकलून पुन्हा पिनपाशी आणायची. मग कोणी हाक मारली किंवा फोन वाजला तरी आकडा विसरायची भीती नाही.

तरीही खोल कट घेण्याआधी एक फेरी नुसती खुणांची काढतात. कटर ब्लँकला जेमतेम स्पर्श करेल एवढंच टेबल वर घ्यायचं, कडेवर २८ बारीक रेघा पाडायच्या आणि बोटाने मोजायच्या. शेवटच्या खेपेला कटर पहिल्याच रेघेवर आला तर हिशेब जुळला. न जुळल्यास ब्लँक वाया जात नाही, रेघा पुढच्या कटमध्ये निघून जातात.

दुसरी काळजी ढिलाईची. वर्म आणि व्हील यांच्या दात्यांत थोडी मोकळी जागा असतेच. त्यामुळे क्रँक नेहमी एकाच दिशेने फिरवायचा. भोक चुकून पुढे गेलात तर नुसतं एक भोक मागे येऊन भागत नाही. क्रँक मागे आला तरी स्पिंडल लगेच मागे येत नाही, आधी ती मोकळी जागा भरली जाते. म्हणून अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने भोकात यायचं. कट घेण्याआधी स्पिंडल लॉक करायचं आणि पुढचा भाग फिरवण्याआधी लॉक सोडायचं. लॉक न करता कट घेतला तर कटरच्या जोराने जॉब किंचित हलतो, दाता एका बाजूने जास्त कापला जातो आणि खाचेच्या भिंतीवर थरथरीच्या रेघा उमटतात.

एवढं सांभाळलं की हाताने फिरवलेला हा क्रँक कमालीचं बारीक काम करतो. वर्म नीट असेल तर क्रँकवरची कोनाची चूक जॉबवर चाळीसावा भाग होऊन उतरते. प्लेटचं भोक पाव अंशाने सरकलेलं असलं तरी जॉब फरकतो तो अंशाच्या एकशे साठाव्या भागाने. मात्र वर्म किंवा व्हीलच झिजलेलं असेल तर ती चूक कोणतीही प्लेट कमी करत नाही.

आणि हिशेबाला एक हद्दही आहे. ब्राउन अँड शार्पच्या तीन प्लेटांवर ५० पर्यंतचा प्रत्येक आकडा निघतो. ५१ ला गाडी अडते. ५१ म्हणजे तीन गुणिले सतरा, आणि ४० ला ५१ ने भागून येणारा अपूर्णांक लहान होत नाही. त्याला ५१ किंवा त्याच्या पटीतल्या भोकांचं वर्तुळ लागतं, ते या प्लेटांवर नाही. त्याहून अडचणीचा आकडा १२७. इंची लीड स्क्रूच्या जुन्या लेथवर मेट्रिक आटे बिनचूक काढायचे तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. १२७ ही मूळ संख्या आहे, तिला कशानेच भाग जात नाही. अशा वेळी प्लेट पक्की धरून भागत नाही. तिचा लॉक काढून ती गिअरांच्या साखळीने स्पिंडलला जोडतात, म्हणजे क्रँक फिरताना प्लेटही किंचित पुढे किंवा मागे सरकते आणि अपूर्णांकातली तूट भरून निघते. त्याला डिफरन्शियल इंडेक्सिंग म्हणतात. त्यासाठी वेगळे गिअर निवडावे लागतात आणि हिशेबही वेगळा मांडावा लागतो.