सरासरी साठा, प्रवाहदर आणि वास्तव्यकाल : विदर्भातील कापसाच्या वाटचालीच्या आधारे विवेचन

शेतातून निघालेला कापूस गिरणीच्या चात्यावर चढेपर्यंत अनेक ठिकाणी थांबतो. शेतकऱ्याच्या घरात, बाजार-आवारात, जिनिंग कारखान्याच्या गंजीत, दाबलेल्या गाठींच्या गोदामात आणि शेवटी गिरणीच्या वखारीत त्याचे वास्तव्य घडते. या सर्व मार्गावर त्याचा सरासरी किती काळ जातो, हा प्रश्न व्यापारी, कारखानदार आणि शेतकरी या तिघांच्याही जिव्हाळ्याचा आहे; कारण थांबलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज, वजनातील घट आणि भावातील चढउताराची जोखीम कोणाला तरी सोसावी लागते. प्रत्येक गाठीचा मागोवा घेणे व्यवहारात कठीण असते. परंतु साठा आणि जावक यांच्या साध्या वहीवरून हा सरासरी काळ काढता येतो. ज्या संबंधाच्या आधारे तो काढता येतो, त्याचे स्वरूप व मर्यादा येथे पाहावयाच्या आहेत.

संबंधाचे स्वरूप

एखाद्या व्यवस्थेत सरासरीने असलेला साठा, तीमधून एकक काळात पार होणारा माल म्हणजे प्रवाहदर, आणि प्रत्येक नगाने तीमध्ये घालविलेला सरासरी वास्तव्यकाल या तीन राशींत पुढील संबंध असतो :

सरासरी साठा = प्रवाहदर × सरासरी वास्तव्यकाल

रांगांच्या गणितात हा संबंध L = λW असा लिहितात. फिलिप मोर्स यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली होती. परंतु त्याची सर्वसाधारण सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली, आणि तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आवक कोणत्या नियमाने होते, माल कोणत्या क्रमाने बाहेर पडतो, यांविषयी कोणतेही गृहीत त्यात धरावे लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

याचे कारण एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका आवारात दहा दिवसांत कापसाच्या पाच गाड्या आल्या व गेल्या, आणि आरंभी व शेवटी आवार रिकामे होते, असे समजू. गाड्यांचे वास्तव्य अनुक्रमे ४, २, ६, ३ आणि ५ दिवस झाले. त्यांची बेरीज २० गाडी-दिवस. हीच बेरीज दुसऱ्या रीतीनेही मिळते. रखवालदाराने रोज रात्री आवारातील गाड्या मोजून दहा रात्रींचे आकडे मिळविले, तरी २० हाच आकडा येतो. कारण सहा दिवस राहिलेली गाडी त्याच्या मोजणीत सहा वेळा येते. २० ला दहा दिवसांनी भागले म्हणजे सरासरी साठा २ गाड्या. प्रवाहदर दिवसाला अर्धी गाडी. २ ला अर्ध्याने भागता ४ दिवस, आणि पाच गाड्यांच्या वास्तव्याची सरासरीही तितकीच. एकच क्षेत्रफळ एकदा आडवे आणि एकदा उभे मोजले, एवढाच या सिद्धतेचा गाभा आहे. व्यवस्था रिकामी असताना आरंभ करून ती पुन्हा रिकामी झाल्यावर मोजणी संपविली, तर हा संबंध केवळ अंदाज न राहता तंतोतंत समीकरण ठरतो. कापसाचा धंदा हंगामी असल्यामुळे ही सोय त्याला आपोआप लाभते.

जिनिंग कारखान्याचे उदाहरण

विवेचनासाठी पुढील आकडे कल्पिले आहेत. एका कारखान्यात पहिल्या खरेदीपासून शेवटची गाठ बाहेर पडेपर्यंत १५० दिवस गेले. या अवधीत ६०,००० क्विंटल कापूस आला, म्हणजे प्रवाहदर सरासरी दिवसाला ४०० क्विंटल. शंभर किलो कापसापासून सुमारे ३४ किलो रुई निघते असे धरल्यास, १७० किलोंच्या एका गाठीस पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणून एकूण गाठी १२,००० आणि गाठींचा प्रवाहदर दिवसाला ८०. रोजच्या नोंदींवरून गंजीतील सरासरी साठा ६,००० क्विंटल, यंत्रांवर चालू असलेला माल २०० क्विंटल कापसाइतका आणि गोदामातील गाठी सरासरीने २,००० निघाल्या.

गंजीतील वास्तव्यकाल ६,००० भागिले ४००, म्हणजे १५ दिवस. यंत्रांवर अर्धा दिवस. गोदामात २,००० भागिले ८०, म्हणजे २५ दिवस. एकूण ४०.५ दिवस. ज्या कामासाठी कारखाना उभारलेला असतो, त्या कामात मालाचा केवळ अर्धा दिवस जातो. उरलेले चाळीस दिवस तो वाट पाहत असतो. म्हणून अधिक वेगाची यंत्रे बसवून यंत्रांवरील काळ निम्मा केला, तरी तेवढ्याने वाचतो तो पाव दिवस. नवी यंत्रे उपयोगी ठरली, तर ती गंजी लवकर उपसली जाते म्हणून ठरतील; यंत्रावरील काळ घटतो म्हणून नव्हे.

या गणितात सर्वांत अधिक होणारी चूक एककांची आहे. २,००० गाठींचे वजन ३,४०० क्विंटल. ते गंजीतील ६,००० व यंत्रांवरील २०० क्विंटलांत मिळवून ९,६०० ही बेरीज केली आणि तिला ४०० ने भागले, तर २४ दिवस हे उत्तर येते. ते चूक आहे. मध्येच सरकी वेगळी झाली आहे, आणि ३,४०० क्विंटल रुई ही वस्तुतः १०,००० क्विंटल कापसाची प्रतिनिधी आहे. सर्व साठा कापसाच्या मापाने मांडल्यास बेरीज १६,२०० क्विंटल होते, आणि ४०० ने भागता ४०.५ दिवस हे पहिलेच उत्तर मिळते. साठा आणि प्रवाहदर एकाच मापाने मोजले पाहिजेत, हा नियम येथे अनुल्लंघनीय आहे. सरकीचा साठा व तिची जावक यांचा हिशेबही वेगळाच ठेवावा लागतो.

हंगाम आणि गिरणी

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपूरला सुरू झाली. कापूस पिकतो तेथेच गिरणी उभारावी, हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. (ही गिरणी आज अस्तित्वात नाही.) या विचाराने वास्तव्यकालाचा कोणता भाग घटतो व कोणता घटत नाही, हे वरील संबंधावरून काढता येते.

वर्षभर समान गतीने चालणाऱ्या एखाद्या गिरणीला महिन्याला १,००० गाठी लागतात, आणि वर्षाच्या १२,००० गाठी हंगामाच्या पाच महिन्यांतच समान गतीने येतात, असे धरू. आवक महिन्याला २,४०० आणि खप १,०००. म्हणून साठा महिन्याला १,४०० गाठींनी वाढत पाचव्या महिन्याच्या अखेरीस ७,००० वर पोचतो व पुढील सात महिन्यांत शून्यावर येतो. सरासरी साठा ३,५०० गाठी आणि वास्तव्यकाल साडेतीन महिने. याउलट, दूरच्या गिरणीला माल पोचण्यास पंधरा दिवस लागत असतील, तर वाटेवरचा साठा केवळ ५०० गाठी. गिरणी पिकाजवळ नेल्याने हे ५०० वाचतात. ३,५०० हे निसर्गाच्या हंगामामुळे आहेत. ते अंतर कमी केल्याने कमी होत नाहीत.

गिरणीने दर महिन्याला लागेल तेवढाच माल घ्यावयाचे ठरविले, तर तिच्या वखारीतील साठा नाहीसा झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो व्यापाऱ्याच्या गोदामात किंवा शेतकऱ्याच्या घरात राहतो. संपूर्ण साखळीची सीमा आखून मोजले, तर साडेतीन महिने कायमच असतात. केवळ त्यांचा भार वाहणारा बदलतो. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. पुढील हंगामातही तसाच भाव येईल या आशेने विदर्भातील पुष्कळ शेतकऱ्यांनी कापूस घरीच राखला. परंतु ती आशा फळास आली नाही. क्विंटलला ७,००० रुपये भाव आणि महिन्याला शेकडा एक व्याज धरले, तरी चार महिने थांबण्याचे मोल क्विंटलमागे २८० रुपये होते. वाळून होणारी वजनातील घट त्याहून वेगळी. एवढी भाववाढ पदरात पडली, तरच थांबणे बिनतोट्याचे.

मर्यादा

हा संबंध सरासरीचा आहे; वास्तव्याच्या विखुरणीविषयी तो काही सांगत नाही. वरील गिरणीने आधी आलेली गाठ आधी वापरली, तर कोणतीही गाठ सात महिन्यांहून अधिक राहत नाही. उलट, शेवटी आलेली आधी वापरली, तर ५,००० गाठी आल्याबरोबर निघून जातात आणि उरलेल्या ७,००० सरासरीने सहा महिने राहतात; त्यांतील काही तर जवळजवळ वर्षभर. दोन्ही पद्धतींत सरासरी साडेतीन महिनेच येते. गंजीवर नवा कापूस टाकून वरचाच उचलला जातो, तेथे तळाचा कापूस जुना होऊन त्याचा रंग उतरतो. पण सरासरीत ही गोष्ट दिसत नाही.

दुसरी मर्यादा एका दिवसाच्या मोजणीची. हंगामाच्या अखेरीस गिरणीत ७,००० गाठी पाहून कोणी सात महिने हा सरासरी काळ म्हणेल, तर तो चुकेल. सात महिने हा, क्रमाने वापर होत असल्यास, शेवटी आलेल्या गाठीचा काळ होय. सरासरीसाठी साठ्याच्या नोंदी पूर्ण चक्रभर घ्याव्या लागतात.

तिसरी गोष्ट कार्यकारणाची. साठा निम्मा केला म्हणजे काळ निम्मा होतोच असे नाही. कारखान्याने खरेदीच निम्मी केली, तर साठ्याबरोबर प्रवाहदरही निम्मा होतो आणि कापूस पूर्वीइतकाच काळ पडून राहतो. प्रवाहदर कायम राखून साठा घटला, तरच काळ घटतो.

या संबंधाचा उपयोग हिशेब तपासण्यासही होतो. गाठीवर तिचा क्रमांक असतो; ती दाबल्याची व बाहेर गेल्याची तारीख वहीत मिळते. काही शंभर गाठींच्या तारखांवरून काढलेली सरासरी आणि साठ्याला प्रवाहदराने भागून आलेला काळ यांत मोठी तफावत आढळली, तर प्रथम निवडलेल्या गाठी सर्व हंगामातून घेतल्या आहेत काय, ते पाहावे. तशा त्या असतील, तर दोष समीकरणात नसून वहीत आहे. साठ्याच्या मोजणीत काही गाठी दोनदा आल्या असतील, एखादी जावक नोंदलीच गेली नसेल, किंवा आवक एका मापाने आणि साठा दुसऱ्या मापाने लिहिला गेला असेल. यांपैकी नेमके काय घडले, ते गोदाम प्रत्यक्ष मोजल्यावरच कळते.