‘गंमत केली गं!’ : थट्टा आणि तुच्छता ओळखायची कशी?

संध्याकाळचे साडेसात. बायको ऑफिसातून घरी येते. मुलाच्या जन्मानंतर चार वर्षं घरी राहून ती नुकतीच पुन्हा नोकरीला लागली आहे. नवरा दार उघडतो आणि म्हणतो, ‘‘आल्या, आल्या आमच्या सीईओ मॅडम!’’

समजा, एका घरात हे वाक्य असं येतं: नवरा दारातच कडक सलाम ठोकतो, ‘मॅडम’मधला ‘मॅ’ चांगला लांबवतो, तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतो आणि चहा टाकायला वळतो. ती हसत म्हणते, ‘‘शिपाई, आलं घाला चहात.’’ दुसऱ्या घरात नवरा दार उघडून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. आवाज सपाट, ओठांचा एकच कोपरा किंचित वर. ‘‘आल्या सीईओ मॅडम. पंचवीस हजारांत कंपनी विकत घेतली वाटतं आज.’’ ती मुकाट्याने स्वयंपाकघरात जाते. रात्री तिने विषय काढलाच, तर उत्तर तयार असतं: ‘‘अगं, गंमत केली गं! तुला साधी मस्करी कळत नाही?’’

सीईओ मॅडम दोन्ही घरांत आहेत, अतिशयोक्तीही दोन्हीकडे आहे. तरी एकीकडे थट्टा झाली आणि दुसरीकडे पाणउतारा. हा फरक नेमका कशात असतो, याचा मागोवा संशोधकांनी बऱ्याच बारकाईने घेतला आहे.

सुरुवात झाली माकडांपासून. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेट्सन १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिल्लांचा खेळ पाहत होते. पिल्लं एकमेकांना चावत होती, लोळवत होती, पण ते भांडण नव्हतं आणि हे बघणाऱ्यालाही कळत होतं. म्हणजे चावताना ती ‘हा खेळ आहे’ असंही एकमेकांना कळवत असली पाहिजेत, असं बेट्सन यांना वाटलं. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हा विचार मांडला. माणसाच्या थट्टेतही चावा असतोच. तो खेळातला आहे हे समोरच्यापर्यंत पोचतं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

ही खूण दिसते कशी, हे मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या एका प्रयोगात तपासलं. प्रेमात असलेल्या जोडप्यांना त्यांनी समोरासमोर बसवलं, दोन-दोन आद्याक्षरं दिली आणि त्यांवरून जोडीदाराला टोपणनाव देऊन एखादा फजितीचा किस्सा सांगायला लावला. प्रत्येकाचे शब्द, आवाज आणि चेहरा नोंदवला गेला. नात्यात समाधानी असलेली जोडपीही एकमेकांना चिडवत होतीच. पण त्यांच्या चिडवण्यात लाज काढण्याचा भाग कमी होता आणि ‘मी तुझ्याच बाजूचा आहे’ हे सांगणाऱ्या खुणा जास्त होत्या.

या खुणा आपल्या घरांतही रोज दिसतात. स्वर ताणणं, हेल काढणं, वेडीवाकडी तोंडं करणं, बायकोला एकदम ‘बाईसाहेब’ किंवा नवऱ्याला ‘सरकार’ म्हणणं. आणि अतिशयोक्ती, इतकी की कुणी ती खरी मानणारच नाही. ‘‘ही पोळी बघून शेजारची दोन राष्ट्रं सीमेवरून भांडायला लागतील’’ हे वाक्य पोळी गोल नाही एवढंच सांगतं आणि लगेच हवेत उडून जातं. ‘‘तुला अजून पोळीसुद्धा धड जमत नाही’’ असं म्हणून वर हसलं, तर ते हसू नुसतं चिकटवलेलं राहतं. खालचं वाक्य म्हणजे निकाल आहे.

पण टोमणाही अतिशयोक्तीचाच वेष घेऊन येतो, हे दुसऱ्या घरातल्या नवऱ्याने दाखवलंच. म्हणून नुसत्या शब्दांपाशी थांबून भागत नाही, चेहरा आणि बोलणाऱ्याची उंची पाहावी लागते. जॉन गॉटमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेव्हन्सन यांनी नवरा-बायकोंच्या संभाषणांचं चित्रीकरण करून त्यांतल्या भावनांची क्षणाक्षणाची नोंद ठेवली आणि त्याच जोडप्यांचं पुढे काय झालं, याचा अनेक वर्षं माग घेतला. नातं मोडण्याचा अंदाज बांधायला त्यांना सर्वांत उपयोगी पडलेल्या खुणांमध्ये तुच्छता अग्रभागी होती. या नोंदींच्या पद्धतीत डोळे फिरवणं आणि ओठाचा एकच कोपरा ओढला जाणं या तुच्छतेच्या खुणा मानल्या आहेत. उपहास, नक्कल करून हिणवणं आणि बोचरा विनोदही त्याच सदरात टाकला जातो.

रागात आणि तुच्छतेत एक मूलभूत फरक आहे. रागावलेला माणूस बरोबरीने उभा राहून भांडतो: ‘‘तू वीजबिल भरलं नाहीस, दंड बसला.’’ तुच्छता वरून खाली बोलते: ‘‘तुझ्यावर बिल सोपवलं, चूक माझीच. तुझ्या खानदानात कुणाला हिशोब आलाय?’’ पहिल्या वाक्यात एक कृती चुकली आहे. दुसऱ्यात माणूसच नापास झाला आहे, त्याच्या घराण्यासकट. असं वाक्य हसत म्हटलं तरी बोलणारा पायरीवरून खाली येत नाही.

घरात दोघंच असताना केलेल्या थट्टेची आणखी एक बाजू आहे. चारचौघांत माणूस कधी कधी इतरांना हसवण्यासाठी जोडीदाराला चिडवतो. तेही लागू शकतं, पण तिथे निदान हसणारे प्रेक्षक असतात. बंद दाराआड ऐकणारं माणूस एकच असतं. त्यालाच हसू येत नसेल, तर तो विनोद कुणासाठी केला होता, हा प्रश्न उरतो. शिवाय साक्षीदार नसतो. ‘आवाज तसा नव्हताच’, ‘मी असं म्हणालोच नाही’ असं ठासून सांगितलं की ऐकणाऱ्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास डळमळू लागतो.

नेम कशावर धरला आहे, हेही इथे फार बोलकं असतं. घोरणं, किल्ल्या विसरणं, गाडी लावताना पाचदा पुढेमागे करणं हे रोजच्या चिडवण्याचे विषय. पण जोडीदाराला नेमकी दुखरी जागा माहीत असते, कारण ती विश्वासाने त्यालाच सांगितलेली असते: शाळेत रंगावरून झालेला छळ, गेलेली नोकरी, न राहिलेलं मूल, गावाकडच्या बोलीची वाटलेली लाज. विनोद पुन्हा पुन्हा त्याच जागी उतरत असेल, तर तो सहज सुचला असं म्हणणं कठीण आहे. नवऱ्यांच्या बाबतीत ही जागा बहुतेकदा कमाई, टक्कल किंवा ‘आईचा बाळ’ असते. पुरुषाला लागत नाही, या समजापायी ते बोलून दाखवणंही त्यांना अवघड जातं.

मग ‘गंमत केली’ हे खोटंच असतं का? नेहमी नाही. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली चिडवणारे आणि ज्यांना चिडवलं जातं ते, अशा दोन्ही बाजू तपासल्या. चिडवणाऱ्याला आपली मस्करी प्रत्यक्षापेक्षा निरुपद्रवी वाटते. आपल्या मनात वाईट नव्हतं हे त्याला ठाऊक असतं आणि ते समोरच्यालाही दिसलं असेल, असं तो गृहीत धरतो. समोरच्याला मात्र मन दिसत नाही, वाक्य ऐकू येतं. म्हणजे प्रेमळ माणसाच्या थट्टेनेही जखम होऊ शकते. त्यामुळे हेतू काय होता यावर तासभर वाद घालून हाती काही लागत नाही.

हाती लागतं ते पुढच्या वागण्यातून. ‘सीईओ मॅडम’ ऐकून दुखावलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी, दोघं शांत असताना, नेमकं सांगून पाहावं: ‘‘काल माझ्या पगारावरून बोललास ते मला लागलं. बाकी कशावरूनही चिडव, त्यावरून नको.’’ यात आरोप नाही, कोणतं वाक्य लागलं हे आहे आणि सीमा कुठे हेही आहे. थट्टा करणारा यावर थोडा वरमतो. ‘‘अरे, एवढं लागलं? माझ्या लक्षात नाही आलं,’’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्यांत तो विषय खरोखर गळून पडतो. तुच्छतेने बोलणारा त्या तक्रारीचाच नवा विनोद करतो: ‘‘जपून रे बाबा, मॅडमच्या भावना दुखावतील.’’ पगाराचा विषय सुटत नाही, वर ‘फार हळवी आहे’ हा दुसरा टोमणा मिळतो. उलट चिडवण्याची मुभा आहे का, हेही याच वेळी पडताळता येतं. तिने त्याच्या सुटलेल्या पोटावर काही म्हटलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला, तर त्या घरात थट्टा एकाच दिशेने वाहते आहे.

एका वाक्यावरून माणसाला दोषी ठरवणं मात्र चुकीचं ठरेल. दमलेला, धास्तावलेला माणूस कधी तरी खोचक बोलून जातो. भांडण तापलेलं असताना तर साधी थट्टाही विखारी वाटते. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, विनोद तर दूरच. अशा वेळी निदान वीस मिनिटं वेगळं होणं आणि त्या वेळात मनातल्या मनात भांडण न घोळवणं, हा त्यांचा सल्ला आहे. शांत संध्याकाळी, चहा पितानाही तोच सूर लागत असेल, तर मात्र थकव्याचं कारण पुरत नाही.

कायद्यानेही या प्रकाराची दखल घेतली आहे. महिलांसाठीच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळाचा समावेश आहे. त्यात अपमान, उपहास, मानखंडना आणि नावं ठेवणं यांचा स्पष्ट उल्लेख असून, मूल किंवा मुलगा नसल्यावरून हिणवणं वेगळं नमूद केलं आहे. या कायद्याखाली पुरुषाला दाद मागता येत नाही. हिंदू विवाह कायद्यातलं क्रूरतेचं कारण मात्र पती आणि पत्नी दोघांनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना संसारातल्या रोजच्या किरकोळ कुरबुरी आणि दीर्घकाळ चाललेली मानहानी यांच्यात फरक केला. एखादा टोमणा तिथे टिकणार नाही, सातत्य दाखवावं लागतं.

त्यामुळे शंका येते आहे अशा माणसाने काही आठवडे तारीख, बोललेलं वाक्य आणि त्यानंतर काय घडलं हे तीन रकाने लिहून ठेवणं उपयोगाचं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात ‘सॉरी म्हणाला, विषय बंद केला’ अशा नोंदी असतील, तर दोघांनी बसून कोणते विषय थट्टेबाहेर ठेवायचे ते ठरवता येतं. तिथे वारंवार ‘माझ्यावरच हसला’ असं लिहावं लागत असेल, तर ती वही घेऊन विवाह समुपदेशकाकडे जावं, आणि जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जावं. टोमण्यांबरोबर धमक्या, पैशांची अडवणूक किंवा मारहाण सुरू झाली असेल, तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.